ठिपके नाहीत, तरी स्यूरा?

*सर, मी फाइन आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कलेतिहासाच्या एका घटकात नवअभिजातवादापासून घनवादापर्यंत सगळे वाद आहेत. मी त्यांचा तक्ता केला: काळ, वैशिष्ट्यं, तंत्र, ओळखायच्या खुणा. चार पानं झाली, तोंडपाठही आहेत. पण परीक्षेत नाव झाकून स्लाइड दाखवली की माझी दांडी उडते. परवा नदीकाठी अंघोळीला आलेल्या लोकांचं एक चित्र होतं. ऊन होतं, पाणी होतं, ठिपके नव्हते, म्हणून मी ‘दृक्प्रत्ययवाद’ लिहिलं. निघालं स्यूराचं, म्हणजे ठिपक्यांनी रंगवणाऱ्या चित्रकाराचं! तक्त्याचा फोटो सोबत जोडते आहे. कुठे चुकतंय ते सांगाल का?*
*– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर*

तक्ता पाहिला. अक्षर देखणं आहे आणि माहितीही बहुतेक बरोबर आहे. आता त्यातली दृक्प्रत्ययवादाची ओळ पुन्हा वाच. ‘वैशिष्ट्यं’ या रकान्यात तू लिहिलं आहेस, ‘प्रकाशाला महत्त्व, उजळ रंग, क्षणाचं चित्रण’. दोन रकाने पुढे ‘खुणा’ म्हणून लिहिलं आहेस, ‘प्रकाश, उजळ रंग, निसर्गदृश्य’. एकच गोष्ट दोनदा लिहिली गेली. शिवाय प्रकाशाला महत्त्व कुणी दिलं नाही? कारावाज्जोनं दिलं, रेम्ब्रांटनं दिलं, व्हर्मीरनं तर खिडकीतून येणाऱ्या उजेडावरच आयुष्य काढलं. जी खूण चार शतकांतल्या चित्रांना लागू पडते, ती परीक्षेच्या अंधाऱ्या हॉलमध्ये तुला काय मदत करणार?

वैशिष्ट्य म्हणजे चित्रकाराला काय हवं होतं. तंत्र म्हणजे ते मिळवायला त्याने हाताने काय केलं. आणि खूण म्हणजे त्या हातकामाचा कॅनव्हासवर उरलेला माग. हे तीन रकाने कारण आणि परिणाम अशा साखळीने जोडले गेले पाहिजेत. खुणेच्या रकान्यात लिहिलेली प्रत्येक गोष्ट बोट ठेवून दाखवता आली पाहिजे आणि शेजारच्या वादात ती नसली पाहिजे. दुसरी अट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच सगळे विसरतात.

तुझ्या परीक्षेतल्या चित्रावरच हे करून बघू. वर्णनावरून ते स्यूराचं ‘आस्निएरचे स्नानार्थी’ असणार. साल 1884, आकार सुमारे दोन मीटर गुणिले तीन मीटर, सध्या लंडनच्या नॅशनल गॅलरीत. त्याच गॅलरीत दृक्प्रत्ययवादी मोनेचं 1869 मधलं ‘ला ग्रेनुइएर’ इथल्या स्नानार्थींचं चित्र आहे. तीच सेन नदी, तोच पॅरिसच्या आसपासचा किनारा, तेच सुट्टीचं ऊन. विषय आणि उजेड दोन्हीकडे सारखेच असल्यामुळे तुझ्या तक्त्यातल्या खुणांनी या दोन चित्रांत फरक करताच येत नाही. दोन्ही फोनवर शेजारी शेजारी उघड.

आधी मोनेचं पाणी बघ. रुंद, चपट्या ब्रशाचे आडवे फटकारे एकाखाली एक ठेवलेले आहेत. निळसर, पांढरे, काळपट. एका फटकाऱ्यात एक लाट संपते. जवळून पाहिलं तर पाणी दिसतच नाही, रंगाच्या पट्ट्या दिसतात. लाकडी पुलावरची माणसं बघ: एकदोन टपक्यांत माणूस उभा केलाय, चेहरा नाही, बोटं नाहीत. काही ठिकाणी ओल्या रंगात दुसरा ओला रंग ओढल्यामुळे कडा एकमेकींत मिसळल्या आहेत. हे सगळं घाईचे माग आहेत. मोने आणि रेन्वार तिथे एकत्र बसून रंगवत होते. उजेड सरकायच्या आत काम उरकायचं होतं.

आता स्यूरा. काठावर बसलेली माणसं पुतळ्यांसारखी स्थिर आहेत. बहुतेक सगळी बाजूने दिसतात, उजवीकडे नदीकडे तोंड करून. पाठीची, टोपीची, मांडीची कड एका सलग वळणात ठाम उतरली आहे. मागे कारखान्यांची धुराडी. वारा नाही, घाई नाही. आणि हे योगायोगाने झालेलं नाही: स्यूरानं या चित्रासाठी जागेवर जाऊन छोट्या फळ्यांवर तैलरंगातली कच्ची टिपणं केली, एकेका आकृतीची काँते क्रेयॉनमधली रेखाटनं केली आणि मग स्टुडिओत बसून मोठा कॅनव्हास रचला. ‘आधी योजना, मग रंग’ हे त्याचं तंत्र. स्थिर आकृती आणि बंदिस्त कडा हा त्या तंत्राचा माग.

आणखी जवळ जा. मधे बसलेल्या मुलाच्या पाठीची कड न्याहाळ. जिथे अंग उजेडात आहे, तिथे त्यालगतचं पाणी थोडं गडद केलं आहे; जिथे अंग सावलीत आहे, तिथे लगतचं पाणी उजळ. निसर्गात पाणी असं वागत नाही. हे मुद्दाम केलं आहे. शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1839 मध्ये रंगांच्या परस्पर विरोधाबद्दल एक ग्रंथ लिहिला होता. गालिचे आणि पडद्यांच्या सरकारी कारखान्यात रंगाईचं काम बघताना त्याच्या लक्षात आलं, की शेजारच्या रंगामुळे रंग वेगळा दिसतो. स्यूरानं हे वाचून, समजून वापरलं. म्हणून आकृतीभोवतीची ती हलकी प्रभा ही फार भरवशाची खूण आहे. मोनेच्या चित्रात ती अशी हिशेबाने केलेली सापडणार नाही.

ठिपक्यांचं काय? हे चित्र 1884 मध्ये झालं तेव्हा स्यूराची ठिपक्यांची पद्धत बसलीच नव्हती. गवत त्याने एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या फटकाऱ्यांनी भरलं, पाणी आडव्या फटकाऱ्यांनी, त्वचा बरीचशी सपाट. पुढे काही वर्षांनी त्याने काही ठिकाणी ठिपके वरून घातले. उजवीकडे पाण्यात उभ्या असलेल्या मुलाच्या नारिंगी टोपीवर ते दिसतात, नारिंगीत निळे. पण स्लाइडवर ते दिसण्याची आशा करू नकोस. पूर्ण ठिपक्यांचं चित्र म्हणजे पुढचं ‘ला ग्रांद जात’, 1884 ते 1886 मधलं, आता शिकागोत आहे. 1886 मध्ये ते दृक्प्रत्ययवाद्यांच्या आठव्या आणि शेवटच्या प्रदर्शनात लागलं आणि त्याच वर्षी समीक्षक फेनेओंनं ‘नवदृक्प्रत्ययवाद’ हे नाव वापरात आणलं. म्हणजे तुझ्या परीक्षेतलं चित्र वादाच्या नावाच्या आधीचं, उंबऱ्यावरचं आहे. प्रश्न अवघडच होता. पण त्या पाठीच्या कडेवर तुझं लक्ष गेलं असतं, तर निदान ‘मोनेच्या मंडळींपैकी नाही’ एवढं तरी तू लिहिलं असतंस.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. ‘ला ग्रांद जात’ सुमारे तीन मीटर रुंद आहे. पुस्तकात ते दहा सेंटिमीटर रुंदीत छापलं, की सगळं तीस पटींनी आक्रसतं. तीन मिलिमीटरचा ठिपका छपाईत मिलिमीटरचा दहावा भाग होतो, म्हणजे नाहीसाच होतो. प्रोजेक्टरवर चित्र मोठं होतं खरं, पण फाइलच लहान असेल तर ठिपके धूसर होऊन फक्त मऊ पोत उरतो. जाड रंगलेपाचंही तेच, कारण त्याची उंची फोटोत सपाट होते. म्हणून खुणांचा रकाना उभा दुभाग. एका भागात लांबून दिसणारी खूण लिही: रचना, आकृतींची ठेवण, कडा, सावलीचा रंग. दुसऱ्या भागात जवळून दिसणारी: फटकारा, थर, उघडा कॅनव्हास. स्लाइडवर पहिला भाग कामाला येतो, संग्रहालयात किंवा मोठ्या फाइलवर दुसरा. तुझ्या तक्त्यात स्यूरासमोर फक्त ‘ठिपके’ लिहिलेलं आहे. ती एकुलती एक खूण आणि तीही जवळची. स्लाइडवर ती दिसली नाही आणि तू फसलीस.

आता तंत्राचा रकाना. तिथे ‘मोकळे फटकारे’ असं लिहून तू पुढे गेली आहेस. साहित्य काय वापरलं तेही लिही, कारण बऱ्याच खुणा तिथूनच येतात. रंगाच्या धातूच्या नळीचं पेटंट जॉन रँडनं 1841 मध्ये घेतलं. त्याआधी घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. नळी आल्यावर रंगांची पेटी घेऊन नदीवर जाऊन बसणं सोपं झालं. ब्रशही बदलला: पत्र्याच्या पट्टीने दाबून बसवलेला चपटा ब्रश आला आणि तो चौकोनी, रुंद फटकारा शक्य झाला. तिसरी गोष्ट अस्तराची, म्हणजे कॅनव्हासवरच्या पहिल्या लेपाची. सलोंसाठी, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनासाठी काम करणारे चित्रकार बहुधा तपकिरी किंवा गडद अस्तरावर सुरुवात करून उजेडाकडे जात. मोनेची मंडळी पांढरट किंवा फिक्या अस्तरावर रंगवू लागली. त्यामुळे त्यांच्या चित्रात सावलीसुद्धा तळातून उजळते.

सावलीचा रंग ही तर स्लाइडवरही ओळखू येणारी, लांबून दिसणारी खूण आहे. मोनेचं ‘मॅगपाय’ बघ, 1868-69 मधलं, पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. कुंपणाची सावली बर्फावर पडली आहे आणि ती निळी-जांभळी आहे, करडी किंवा काळी नाही. वास्तववादी कुर्बेच्या सावल्या याच्या शेजारी ठेव. त्याच्याकडे सावली म्हणजे तपकिरी, मातकट अंधार. वास्तववाद आणि दृक्प्रत्ययवाद यांच्यात गोंधळ झाला, की विषयाकडे बघू नकोस, मजूर दोघांकडेही सापडतील. आधी सावलीचा रंग बघ.

काळाच्या रकान्यात तू ‘1860 ते 1890’ असे गोल आकडे दिले आहेस. त्यांना टेकायला काहीच नसल्यामुळे ते लक्षातही राहत नाहीत. आकडा एखाद्या घटनेला बांध. दृक्प्रत्ययवादासाठी 1874 हे पहिलं प्रदर्शन, छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत. 1886 हे आठवं आणि शेवटचं. त्याआधीच्या तयारीसाठी ‘1860 चं दशक’ असं बाजूला बारीक लिही, म्हणजे 1869 चं मोनेचं चित्र तक्त्याबाहेर पडणार नाही. रंगभारवादासाठी 1905 मधलं पॅरिसचं ‘सलों दोतोन’ प्रदर्शन, जिथे व्होक्सेल नावाच्या समीक्षकानं मातीस आणि देराँच्या खोलीतल्या चित्रकारांना ‘रानटी जनावरं’ म्हटलं. 1908 पर्यंत ही मंडळी पांगलीही होती. तीन वर्षांच्या वादाला तीस वर्षांच्या वादाएवढीच जागा देऊ नकोस.

सगळ्यात मोठी दुरुस्ती ‘उत्तर दृक्प्रत्ययवाद’ या ओळीला हवी. ती ओळ खोडून टाक, असंच मी सांगेन. हे नाव इंग्लिश समीक्षक रॉजर फ्रायनं 1910 मध्ये लंडनमधल्या एका प्रदर्शनासाठी ठरवलं. तोवर व्हॅन गॉगला जाऊन वीस वर्षं झाली होती, गोगँ 1903 मध्ये गेला होता आणि सेझान 1906 मध्ये. त्यांच्यापैकी कुणीच स्वतःला हे नाव लावलं नव्हतं. त्यांची तंत्रं एकमेकांच्या उलट आहेत. तू एकाच ओळीत ‘जाड रंग, सपाट रंग, भौमितिक आकार’ असं लिहिलं आहेस. जाड आणि सपाट एकत्र कसे नांदतील? या ओळीचे तीन तुकडे कर आणि प्रत्येकासमोर माणसाचं नाव लिही.

सेझानसाठी लांबून दिसणारी खूण म्हणजे टेबलाची कड. त्याच्या स्थिरचित्रात टेबलाची पुढची कड कापडाखाली शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येते तेव्हा ती त्याच पातळीवर नसते. फळांची ताटली किंचित वरून दिसते आणि बाटली समोरून. जवळून बघितलंस तर लहान, समांतर, बहुधा तिरके फटकारे गटागटाने बसवलेले दिसतील, विटांचा थर लावावा तसे. व्हॅन गॉगचा फटकारा मात्र वस्तूच्या वळणाने धावतो: सायप्रसमध्ये वर, शेतात आडवा, आकाशात गोल. त्याचा रंग इतका जाड की ब्रशच्या केसांच्या चऱ्या राहतात. गोगँकडे फटकारा दिसेनासा होतो. त्याचं 1888 मधलं ‘प्रवचनानंतरचा दृष्टान्त’ एडिंबराच्या संग्रहालयात आहे. त्यात जमीन चक्क लाल आहे, एकसलग, जवळजवळ सावलीविना आणि पांढऱ्या टोप्यांभोवती गडद बाह्यरेषा. चर्चच्या रंगीत काचांमध्ये शिशाची पट्टी असते तशी. लाल सपाट जमीन आणि गडद रेघ ही खूण तुला मागच्या बाकावरूनही दिसेल.

इथे एक सापळा आहे. लाल जमीन पाहून विद्यार्थी झटकन ‘रंगभारवाद’ लिहितात. फरक असा, की गोगँचा रंग सपाट आणि रेघेच्या आत बंद असतो, तर 1905 मधल्या मातीसचा रंग सुटा, घाईचा, मधे मधे कॅनव्हास उघडा ठेवणारा. त्याचं ‘टोपीतली स्त्री’ उघड. चेहऱ्यावर हिरवा, जांभळा, पिवळा. सावली दाखवायला काळोख घेतलेला नाही, दुसराच रंग घेतला आहे. तिथून पुढे जर्मन अभिव्यक्तिवाद वेगळा करायचा असेल, तर रंगाकडे बघून भागणार नाही, तो दोन्हीकडे भडकच आहे. रेघ बघ. ड्रेस्डेनच्या ‘ब्रुक’ गटातले किर्चनर वगैरे लाकडी ठसेही कोरत आणि लाकूड कापण्याची ती टोकदार, खटकन तुटणारी सवय त्यांच्या तैलचित्रांतही उतरते. कोपरे अणकुचीदार, चेहरे मुखवट्यासारखे. मातीसची रेघ सहसा वळणदार राहते.

आपल्याकडच्या प्रोग्रेसिव्ह गटाचा प्रश्न याच घटकाला जोडून विचारतात, म्हणून ओझरतं सांगतो. 1947 मध्ये मुंबईत जमलेल्या सूझा, रझा, हुसेन वगैरे मंडळींना युरोपातला हा सगळा माल एकत्रच भेटला. त्यामुळे सूझाच्या एकाच डोक्यात काळी जाड रेघ, अभिव्यक्तिवादी ताण आणि घनवादी मोडतोड एकदम सापडते. त्यांना तुझ्या तक्त्यातल्या एखाद्या ओळीत कोंबू नकोस, वेगळं पान कर.

घनवादाचेही दोन भाग लागतात. पहिला, साधारण 1909 ते 1912, पिकासो आणि ब्राक यांचा विश्लेषणात्मक घनवाद: रंग जवळजवळ गेलेला, फक्त करडा, तपकिरी, मातकट. वस्तूचे तुकडे एकमेकांत शिरलेले आणि मधला भाग दाट, कोपऱ्यांकडे विरळ. दुसरा, 1912 पासूनचा, संश्लेषणात्मक: रंग परत आलेला, तुकडे मोठे आणि सपाट, अक्षरं आणि चिकटवलेले कागद. मे 1912 मध्ये पिकासोनं वेताच्या विणीचं छापील मेणकापड कॅनव्हासवर चिकटवलं आणि भोवती चौकट म्हणून दोर गुंडाळला. सप्टेंबरात ब्राकनं लाकडाच्या नक्षीचा भिंतीचा कागद कापून लावला. या दोन भागांतली स्लाइडवरची सोपी चाचणी म्हणजे रंग. मातकट असेल तर आधीचा, रंग आणि छापील पोत असेल तर नंतरचा. चूक होण्याची शक्यता थोडी उरते, कारण काही विश्लेषणात्मक चित्रांतही अक्षरं येतात. अक्षरांवर निकाल लावू नकोस.

नमुन्यादाखल तीन ओळी करून देतो. याच मापाने बाकीच्या तू भर. एका रकान्यात दोन वाक्यांपेक्षा जास्त मजकूर झाला, की समज खूण अजून सापडलेली नाही.

| वाद | काळ | काय हवं होतं | हाताने काय केलं | लांबून खूण | जवळून खूण |
|---|---|---|---|---|---|
| दृक्प्रत्ययवाद | 1874 ते 1886, आठ प्रदर्शनं (तयारी 1860 चं दशक) | त्या वेळचा उजेड | फिकं अस्तर, चपटा ब्रश, ओल्यावर ओला रंग | निळी-जांभळी सावली. माणसं विरघळलेली | रुंद, सुटे फटकारे. मिसळलेल्या कडा |
| नवदृक्प्रत्ययवाद | 1886 पासून (पूर्वतयारी 1884) | उजेड, पण नियमाने | आधी टिपणं, मग स्टुडिओत रचना. रंग पॅलेटवर कमी मिसळून शेजारी ठेवले | स्थिर, बाजूने दिसणाऱ्या आकृती. बंदिस्त कड, तिच्याभोवती प्रभा | ठिपके किंवा छेदणारे बारीक फटकारे. विरोधी रंग शेजारी |
| रंगभारवाद | 1905 ते 1908 | रंगच विषय | नळीतला शुद्ध रंग, झपाट्याने | चेहऱ्यावर किंवा झाडावर अनपेक्षित रंग. सावली म्हणजे दुसरा रंग | मधे मधे उघडा कॅनव्हास |

नवअभिजातवाद आणि स्वच्छंदतावाद यांच्या ओळी तुझ्या ठीक आहेत. फक्त खुणेत दाव्हिदसाठी ‘रंगमंचासारखी उथळ जागा, आकृती आडव्या ओळीत’ आणि दलाक्रवासाठी ‘कर्णरेषेत चढणारी गर्दी, फटकारा उघडा’ एवढं घाल. त्या दोघांत गोंधळ सहसा होत नाही.

एक धोका तक्त्यामुळेच तयार होतो, तो म्हणजे चित्रकाराला ओळीत कायमचा बसवणं. पिसारो दृक्प्रत्ययवाद्यांच्या आठही प्रदर्शनांत होता, पण 1886 च्या सुमारास तो स्यूराच्या पद्धतीकडे वळला आणि काही वर्षं ठिपक्यांत रंगवून परत फिरला. देगा त्याच प्रदर्शनांत होता, पण उघड्यावर बसून रंगवण्याची तो टर उडवत असे. तो स्टुडिओत काम करे, नर्तकींच्या पायांवर चौकट कापे आणि त्याची रेखाटनावरची हुकमत दाव्हिदच्या परंपरेतली. माने या प्रदर्शनांत एकदाही उतरला नाही. म्हणून तक्त्याच्या ओळीत चित्रकाराऐवजी चित्राचं नाव आणि साल लिही. ‘पिसारो: दृक्प्रत्ययवाद’ हे अर्धसत्य आहे. ‘पिसारो, 1888: नवदृक्प्रत्ययवादी पद्धत’ असं लिहिलंस तर तपासता येतं.

तक्ता झाला की तो मैत्रिणीच्या हातात दे. तिला खुणांचे फक्त शेवटचे दोन रकाने वाचायला सांग, वादाचं नाव झाकून, आणि तू वाद ओळख. जिथे तुला दोन उत्तरं सुचतील, तिथली खूण शेजारच्याशी भांडत नाहीये. दोन्ही चित्रं शेजारी उघडून ती बदल. मग उलट कर: तिने चित्र दाखवायचं आणि तू वाद सांगायच्या आधी तीन खुणा बोलायच्या. नाव आधी आलं, तर ते आठवणीतून आलं, डोळ्यांतून नाही, आणि अनोळखी स्लाइडवर आठवण कामाला येत नाही.

परीक्षेत लिहिताना हाच क्रम ठेव. आधी दिसलेल्या खुणा, मग त्यावरून तंत्र, मग वाद आणि शेवटी काळ. ‘आस्निएर’साठी उत्तर असं होईल: ‘आकृती स्थिर आणि बाजूने दिसतात, कडा बंदिस्त आहेत, पाठीलगतचं पाणी अंगाच्या उजेड-सावलीप्रमाणे बदलतं, म्हणजे रचना स्टुडिओत, नियमाने केलेली आहे. दृक्प्रत्ययवादाचा विषय आणि पॅलेट असूनही हे काम नवदृक्प्रत्ययवादाच्या तोंडाशी आहे, अंदाजे 1880 च्या दशकाचा मध्य.’ चित्रकाराचं नाव आठवलं नाही तरी या उत्तराला बरेच गुण मिळतात, आणि नाव चुकलं तर फक्त नावाचेच जातात.